गटकर्जांचे लेखापरीक्षण: वसुलीच्या नोंदी आणि कर्जदारांची प्रत्यक्ष पडताळणी

थकबाकी शून्य, वसुली शंभर टक्के, दहा घरी भेट दिली आणि दहाही कर्जदार म्हणाले, ‘हो, कर्ज माझंच आहे.’ असा अहवाल देऊन काही महिने होत नाहीत तोच त्या शाखेत अपहार उघडकीस येतो. मग चौकशी सुरू होते, की तपासणी झाली होती की नाही? झालेली असते, पण तिचा क्रम चुकलेला असतो. कर्जदारांची यादी शाखेने दिलेली असते, घर दाखवायला वसुली अधिकारीच बरोबर आलेला असतो आणि तपासनिसाने दारात उभे राहून विचारलेले असते, ‘ताई, तुमचं वीस हजारांचं कर्ज आहे ना?’ समोर अधिकारी उभा असताना या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ हेच येणार.

म्हणून या लेखात भर आहे तो क्रमावर. शाखेला चाहूल लागण्याआधी माहिती आपल्या ताब्यात आली पाहिजे. आपल्या कागदावरचा आकडा कळण्याआधी कर्जदाराने स्वतःचा आकडा सांगितला पाहिजे. इथे मी नेहमीची रचना धरली आहे: पाच जणींचा एक गट, तीन-चार गटांचे एक केंद्र, दर आठवड्याला केंद्राची बैठक आणि तिथे रोखीने गोळा होणारे हप्ते.

## टप्पा १: शाखेला कळवण्याआधी माहिती गोठवा

एक तारीख ठरवा आणि त्या दिवसअखेरची कर्जवार यादी मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागाकडून थेट घ्या. शाखेने तयार करून दिलेली एक्सेल फाइल घेऊ नका. त्या फाइलमधून कोणत्या ओळी गाळल्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तीन गोष्टी मागवा. पहिली, चालू कर्जांची यादी. दुसरी, मागच्या बारा महिन्यांत बंद झालेल्या कर्जांची यादी. तिसरी, प्रत्येक जमेची नोंद, तीही कोणी केली, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, या तपशिलासह. पुष्कळ जण फक्त पहिली यादी मागतात. सर्वांत महत्त्वाचा पुरावा दुसऱ्या यादीत असतो, कारण लपवाछपवीचे कर्ज बहुधा ‘बंद’ करूनच लपवले जाते.

तपासून घ्या: चालू कर्जांच्या मुद्दलाची बेरीज त्याच तारखेच्या खतावणीतील कर्जखात्याशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. फरक लहान आहे म्हणून सोडूनही देऊ नका. एक मोठा अधिक आणि एक मोठा उणे मिळूनही फरक लहान होतो.

## टप्पा २: थकबाकीचे दिवस स्वतः मोजा

संस्थेने दिलेला थकबाकीचा तक्ता हा तुमच्या तपासणीचा विषय आहे, पुरावा नाही. म्हणून मूळ हप्तेपत्रक आणि प्रत्यक्ष जमा यांवरून तो पुन्हा तयार करा. ३० दिवसांवरची जोखीम म्हणजे एकूण येणे मुद्दलात अशा थकलेल्या कर्जांचा वाटा. तो काढताना ज्या कर्जाचा एकही हप्ता ३० दिवसांपेक्षा जास्त थकला आहे, त्याचे *संपूर्ण* येणे मुद्दल अंशात जाते. फक्त थकलेले हप्ते अंशात घेतले की प्रमाण हास्यास्पद वाटण्याइतके लहान दिसते, आणि ही चूक मी वारंवार पाहतो.

दुसरी चूक अधिक आत दडलेली असते. समजा, एका कर्जदाराने सलग सहा आठवडे हप्ता दिला नाही आणि सातव्या आठवड्यात एकच हप्ता भरला. तो हप्ता सर्वांत जुन्या देण्यात, म्हणजे पहिल्या आठवड्यात, जमा होतो. आता सर्वांत जुना न भरलेला हप्ता दुसऱ्या आठवड्याचा आहे आणि त्याला ३५ दिवस झाले आहेत. म्हणजे कर्ज अजूनही जोखमीतच आहे. पण काही प्रणाल्यांमध्ये कोणताही भरणा आला की दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशा प्रणालीत महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक थकलेल्या कर्जात एकेक हप्ता टाकला की पूर्ण शाखा स्वच्छ दिसते.

याचे परिणाम ताळेबंदापर्यंत पोहोचतात. आयएफआरएस ९ या मानकात, ३० दिवसांहून जास्त थकबाकी झाली की पतजोखीम लक्षणीय वाढली असे गृहीत धरले जाते आणि ९० दिवसांनंतर कर्ज बुडण्याच्या वर्गात गेले असे गृहीत धरले जाते. दोन्ही गृहीतके पुराव्याने खोडता येतात, पण दिवसच चुकीचे मोजले असतील तर तरतूदही चुकीचीच ठरते.

सावधान: नव्याने हप्ते बांधून दिलेली कर्जे वेगळी काढा. जुने हप्तेपत्रक पुसून नवे चढवले असेल तर थकबाकी गायब झालेली दिसते. मूळ पत्रक मागा.

## टप्पा ३: घराबाहेर पडण्याआधी खुणा शोधा

या टप्प्यावर मी तीनच चाचण्या मनापासून करतो. शंभर चाचण्या लावल्या की संशयाची यादी इतकी लांबते की तिचा उपयोगच उरत नाही.

पहिली चाचणी बंद झालेल्या कर्जांची. शेवटचे अनेक हप्ते एका दिवसात भरून कर्ज बंद झाले आणि त्याच आठवड्यात त्याच व्यक्तीला नवे कर्ज दिले, अशा जोड्या काढा. त्यातली काही खरी असतील, चांगल्या कर्जदाराला वाढीव कर्ज मिळतेच. पण बंद होण्याआधी हप्ते अडखळत होते का, हे पाहा. अडखळत होते आणि तरीही बंद होऊन नवे कर्ज मिळाले, तर नव्या कर्जाच्या पैशातून जुने फेडले गेले असण्याची शक्यता दाट आहे.

दुसरी चाचणी हजेरी आणि भरणा यांची. केंद्राच्या बैठकीला सभासद सलग काही आठवडे आलेली नाही, पण हप्ता मात्र दर आठवड्याला वेळेवर जमा आहे. कोणी शेजारीण तिच्या वतीने भरत असेल, किंवा हा हप्ता कोणी तिसराच भरत असेल. दोन्ही शक्यता घरभेटीसाठी पुरेशा आहेत.

तिसरी चाचणी वेळेची. सकाळच्या बैठकीतली वसुली रात्री उशिरा, दुसऱ्या दिवशी किंवा महिनाअखेरीस एकगठ्ठा नोंदवली जात असेल, तर मधल्या वेळात ती रोकड कुठे होती, हा प्रश्न उरतो.

## टप्पा ४: नमुना निवडताना दोन पिशव्या वेगळ्या ठेवा

शाखेतल्या ५ टक्के खात्यांत गडबड असेल, तर यादृच्छिक पद्धतीने ५९ खाती तपासल्यावर निदान एक तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. हिशेब सोपा आहे:

```
=1-(1-0.05)^59
```

पण हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. गडबड शाखाभर पेरलेली नसते, ती एका अधिकाऱ्याच्या दोन-तीन केंद्रांत साठलेली असते. सहा अधिकारी असलेल्या शाखेत हे ५९ नमुने वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दहा येतात. एका अधिकाऱ्याच्या खात्यांपैकी ५ टक्के खोटी असतील, तर दहा नमुन्यांत त्यातले एक तरी हाती लागण्याची शक्यता फक्त ४० टक्के. म्हणून प्रत्येक अधिकाऱ्यामागे निदान दोन पूर्ण केंद्रे घ्या आणि त्या केंद्रांतली सगळी खाती तपासा.

टप्पा ३ मधल्या संशयित खात्यांची यादी वेगळी ठेवा. ती यादृच्छिक नमुन्यात मिसळून ‘१०० पैकी १४ खाती सदोष’ असे टक्के काढू नका. तुम्ही वेचून घेतलेल्या खात्यांवरून पूर्ण शाखेबद्दल अनुमान निघत नाही.

सावधान: निवडलेल्या केंद्रांची नावे निघण्याच्या सकाळपर्यंत कोणालाही सांगू नका. गाडीची व्यवस्था शाखेकडून करून घेतलीत, तर नावे आधीच फुटलेली समजा.

## टप्पा ५: शाखेत पोहोचल्यावर आधी रोकड, मग कागद

शाखेत शिरल्याबरोबर तिजोरीतली आणि प्रत्येक अधिकाऱ्याजवळची रोकड एकाच वेळी मोजा. चहापाणी नंतर. अर्ध्या तासाच्या गप्पांत उणी पडलेली रोकड भरून काढता येते.

मग दोन-तीन आठवडे मागचा एक वसुलीचा दिवस निवडा आणि एकाच केंद्राच्या पैशाचा माग शेवटपर्यंत काढा. केंद्राच्या वसुलीपत्रकावर नावानुसार किती आले, अधिकाऱ्याने रोखपालाकडे किती व कधी दिले, रोजकीर्दीत किती चढले, बँकेच्या भरणा पावतीवर किती आहे आणि प्रणालीत कोणाच्या खात्यावर किती जमा झाले, हे पाच कागद एका ओळीत मांडा. बेरीज जुळली म्हणून थांबू नका. एका केंद्राचे पैसे दुसऱ्या केंद्राच्या नावावर टाकून मागची उणीव भरणे हा जुना प्रकार आहे. त्यात रोजची बेरीज जुळते, चुकतात ती नावे.

नोटांचा तपशीलही पाहा. वसुलीपत्रकावर लहान नोटांचा ढीग आणि भरणा पावतीवर सगळ्या मोठ्या नोटा, असे दिसले तर विचारा. सुटे बदलून घेतले असेल, तर कोणाकडून ते सांगता यायला हवे. ही केवळ खूण आहे, तिच्यावर निष्कर्ष उभा करू नका.

## टप्पा ६: केंद्राच्या बैठकीला अधिकाऱ्याच्या आधी पोहोचा

अधिकारी येण्याआधी कोण बसले आहे ते मोजा आणि आजच्या नोंदी होण्याआधी पासबुके पाहा. पासबुके सभासदांकडे नसून केंद्रप्रमुखाच्या पिशवीत किंवा शाखेच्या कपाटात असतील, तर हाच एक निष्कर्ष म्हणून लिहा. आपल्या नोंदी सभासदाला दिसत नसतील, तर पासबुकाचा पुरावा म्हणून काही अर्थ उरत नाही.

तीस आठवड्यांचे पासबुक हाताळून हाताळून मळलेले असते, शाई बदललेली असते, एखाद्या आठवड्याची सही तिरपी असते. कोऱ्या करकरीत पासबुकात एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या तीस नोंदी दिसल्या की तिथे थांबा. ‘जुने हरवले, नवे दिले’ हे उत्तर खरेही असू शकते. तेव्हा नवे दिल्याची नोंद कुठे आहे, ते विचारा.

## टप्पा ७: घरभेट

सगळी मेहनत इथे फळते किंवा वाया जाते. अधिकाऱ्याला बरोबर नेऊ नका. घर सापडत नसेल तर केंद्रातल्या एखाद्या सभासदाला विचारा आणि तिने घर दाखवले की तिला जायला सांगा. बाहेरून पुष्टी मिळवताना पुष्टीच्या प्रक्रियेवर नियंत्रण लेखापरीक्षकाचेच हवे, हे आयएसए ५०५ या लेखापरीक्षण मानकात स्पष्ट आहे. दारातल्या संभाषणालाही तोच नियम लावा.

आधी आपली ओळख द्या आणि तुम्ही वसुलीला आलेले नाही, हे सांगा. मग असे प्रश्न विचारा की त्यात उत्तर दडलेले नसेल. ‘तुमची सध्या कोणकोणती कर्जं चालू आहेत?’ ‘हातात किती आले?’ ‘कशाला लावले?’ ‘आठवड्याला किती भरता आणि कोणाकडे देता?’ ‘किती हप्ते झाले?’ आणि शेवटी बहुतेक जण विसरतात तो प्रश्न: ‘कधी जास्तीचे किंवा सगळे पैसे एकदम भरलेत का?’ हे सगळे लिहून झाल्यावर पासबुक मागा. त्यानंतरच आपला तक्ता उघडा.

हातात आलेली रक्कम मंजूर रकमेपेक्षा कमी असेल तर घाई करू नका. प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता कापला गेला असेल. ठरलेल्या दरापेक्षा जास्त कापले असेल, किंवा ‘साहेबांना दिले’ असे उत्तर आले, तर वेगळी नोंद करा. हप्त्यांच्या संख्येत एक-दोनचा फरक बहुतेक वेळा आठवणीचा असतो. चार-पाचचा फरक पडला आणि पासबुक तिच्या बाजूने बोलत असेल, तर तो आठवणीचा दोष नाही.

जे आढळेल त्याला नेमके नाव द्या. व्यक्ती अस्तित्वातच नाही, हे एक. व्यक्ती आहे पण तिने कर्ज घेतलेच नाही, कागदपत्रे दुसऱ्याने वापरली, हे वेगळे. तिने कर्ज घेतले आणि पैसे केंद्रप्रमुखाला किंवा दुसऱ्या कोणाला दिले, हप्तेही तीच व्यक्ती भरते, हे आणखी वेगळे. तिने पैसे भरले पण प्रणालीत चढले नाहीत, हे चौथे. अहवालात या चारही प्रकारांना ‘बोगस कर्जदार’ म्हणणे घोर अन्यायाचे आहे. पहिल्या दोन प्रकारांत बहुधा आतल्या माणसाचा हात असतो, तिसऱ्यात गटातल्या एकीने बाकीच्यांच्या नावावर कर्ज जमवलेले असते आणि चौथ्यात कर्जदाराची काहीच चूक नसते.

सावधान: कर्जाची रक्कम घरातल्या इतरांसमोर उच्चारू नका. पुष्कळदा घरच्यांना कर्जाची कल्पना नसते आणि तुम्ही निघून गेल्यावर त्याचा त्रास तिला होतो. कोणी हप्ता देऊ केला तरी हात लावू नका.

घर बंद असेल तर: वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. शेजारची सभासद ‘बदली’ म्हणून घेऊ नका. जे भेटत नाहीत त्यांच्यातच तुम्हाला हवे ते कर्जदार असू शकतात. तरीही भेट झाली नाही, तर ओळखपत्राची मूळ प्रत, पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचा पुरावा आणि केंद्रातल्या दोन वेगवेगळ्या सभासदांची साक्ष घ्या आणि खाते ‘प्रत्यक्ष पडताळणी झाली नाही’ असेच लिहा.

## एक खाते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका तपासणीतले हे खाते. शाखा आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशा पद्धतीने सांगतो.

कर्ज २०,००० चे, ५० आठवड्यांचे, हप्ता ४६०. तपासणी ३९ व्या आठवड्यात. प्रणालीत ३९ हप्ते वेळेवर जमा, थकबाकी शून्य, येणे हप्ते ११, म्हणजे ५,०६०. थकबाकीच्या कोणत्याही चाचणीत हे खाते आले नसते. ते आले हजेरीच्या चाचणीत, कारण ३६ व्या आठवड्यापासून सभासद बैठकीला नव्हती.

घरी विचारले, ‘कोणती कर्जं चालू आहेत?’ उत्तर आले, ‘एकही नाही. मुलाने पैसे पाठवले तेव्हा सगळं भरून टाकलं.’ पासबुकात ३५ व्या आठवड्याला हप्त्याशिवाय ६,९०० ची नोंद होती, खाली अधिकाऱ्याची सही. ५० मधून ३५ वजा केले की १५ हप्ते उरतात आणि १५ गुणिले ४६० म्हणजे बरोबर ६,९००. त्या दिवशीच्या वसुलीपत्रकावर मात्र तिच्या नावापुढे फक्त ४६० होते.

म्हणजे अधिकाऱ्याने ६,९०० ठेवून घेतले आणि पुढचे चार आठवडे त्यातूनच दर आठवड्याला ४६० भरत राहिला. चार हप्त्यांचे १,८४० परत आले, ५,०६० त्याच्याकडे राहिले. दोन्हींची बेरीज पुन्हा ६,९००. आणखी अकरा आठवड्यांनी खाते आपोआप बंद झाले असते आणि पैसा काही काळ वापरून परत केल्याची खूण कुठेच उरली नसती. अशा फिरवाफिरवीत खाते फुटते, ते अधिकाऱ्याची बदली झाली किंवा हातातला पैसा संपला की.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ५,०६० हे येणे हप्ते आहेत, त्यात व्याजही आहे. ताळेबंदातले येणे मुद्दल त्याहून कमी असते, दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. दुसरे, हे येणे आता कर्जदाराकडून नाही, अधिकाऱ्याकडून आहे. ते कर्जखात्यात ठेवून चालणार नाही. तिसरे, मुदतीआधी फेड केल्यावर उरलेल्या आठवड्यांचे व्याज संस्थेच्या नियमाने माफ होत असेल, तर तिने ६,९०० भरताना जास्तच भरले आहे आणि तो फरक तिला परत मिळाला पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीकडे अहवालात सहसा कोणी पाहत नाही.

## टप्पा ८: एक सापडले की जाळे रुंद करा

असे एक खाते सापडल्यावर नमुना संपला, असे समजू नका. त्या अधिकाऱ्याच्या सर्व केंद्रांतल्या, आणि तो आधी जिथे होता तिथल्याही, कर्जांतून दोन याद्या काढा. एक, हप्ता नियमित पण सभासद गैरहजर. दोन, कर्ज ठरल्या दिवशीच संपले, पण शेवटचे दहा-बारा आठवडे हजेरी नाही. दुसऱ्या यादीतली खाती बंद झालेली असतात, म्हणूनच टप्पा १ मध्ये ती मागवली होती.

पासबुकाच्या पानांचे फोटो सभासदाच्या परवानगीने जागेवरच घ्या. ‘उद्या शाखेत घेऊन या’ असे सांगितलेले पासबुक दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा हरवते. अधिकाऱ्याला प्रश्न विचारायचा तो सगळे फोटो, वसुलीपत्रके आणि जमेच्या नोंदी तुमच्या ताब्यात आल्यावर, वरिष्ठांच्या उपस्थितीत, आणि उत्तर लेखी घ्या.

अहवाल मंजूर व्हायला आठवडे जातात. तोपर्यंत प्रणालीत त्या बाईच्या नावावर कर्ज चालूच दिसते. मधल्या काळात नवा अधिकारी तिच्या दारात हप्ता मागायला जाऊ शकतो, आणि तिच्या पतनोंदीत हे कर्ज थकलेले म्हणून चढू शकते. म्हणून शाखा सोडण्याआधी व्यवस्थापनाला लेखी कळवून त्या खात्यावरची वसुली थांबवा, आणि तिने पूर्ण फेड केल्याची सही-शिक्क्याची पावती तिच्या हातात पडली, हे स्वतः पाहा.